वर्तुळातला यादृच्छिक बिंदू: त्रिज्येचे वर्गमूळ का घ्यायचे?

शेतात एक मोठे झाड आहे आणि त्याच्याभोवती २० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात मातीची ओल मोजायची आहे, असे समजू. सगळी जमीन तपासणे शक्य नसते, म्हणून काही जागा निवडून तिथलीच माती घ्यायची. निवड आपल्या मर्जीने केली तर चालणार नाही. वर्तुळातल्या प्रत्येक चौरस मीटरला निवडले जाण्याची सारखीच संधी हवी. अशा निवडीला एकसमान यादृच्छिक निवड म्हणतात.

हातात साधन एकच आहे: ० ते १ यांमधली कोणतीही संख्या सारख्याच शक्यतेने देणारे गणकयंत्र किंवा संगणक. त्या संख्येतून वर्तुळातला बिंदू कसा काढायचा?

पहिल्यांदा सुचणारी पद्धत अशी. दोन संख्या काढायच्या. पहिलीला ३६०ने गुणून दिशा ठरवायची. दुसरीला २०ने गुणून केंद्रापासूनचे अंतर ठरवायचे. त्या दिशेने तेवढे अंतर चालत जायचे आणि तिथे खूण करायची. दिशाही यादृच्छिक आणि अंतरही यादृच्छिक, म्हणजे बिंदूही नीट पसरतील असे वाटते. पण या रीतीने दोन हजार बिंदू काढून कागदावर मांडले, तर मध्यभागी गडद डाग दिसतो आणि कडेकडे बिंदू विरळ होत जातात.

दिशेत काहीच खोट नाही. वर्तुळ सगळ्या दिशांनी सारखे असते, त्यामुळे दिशा एकसमान काढणे योग्यच आहे. खोट अंतरात आहे.

वर्तुळाची एक एक मीटर रुंदीची वीस वलये करू. अंतर एकसमान काढले की प्रत्येक वलयाच्या वाट्याला बिंदूंचा विसावा भाग येतो, कारण प्रत्येक वलयाची रुंदी सारखी आहे. दोन हजारांपैकी सुमारे शंभर बिंदू प्रत्येकात. आता या वलयांची क्षेत्रफळे पाहू. केंद्राजवळचे पहिले वलय म्हणजे १ मीटर त्रिज्येचे छोटे वर्तुळच. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस मीटर. सर्वांत बाहेरचे वलय १९ ते २० मीटरमधले. त्याचे क्षेत्रफळ ४०० वजा ३६१, म्हणजे ३९ गुणिले π, सुमारे १२२.५ चौरस मीटर. जमीन ३९ पट, पण बिंदू तेवढेच. आतल्या वलयात दर चौरस मीटरला सुमारे ३२ बिंदू पडतात, बाहेरच्यात एकसुद्धा पुरता नाही, फक्त ०.८. बिंदू खरोखर एकसमान पसरले असते तर सगळीकडे दर चौरस मीटरला सरासरी १.६ पडले असते.

बैलगाडीच्या चाकाचे आरे डोळ्यांसमोर आणले तर कारण स्पष्ट होते. प्रत्येक आऱ्यावर सारख्या अंतरावर खुणा केल्या, तर धावेजवळ दोन शेजारच्या आऱ्यांवरच्या खुणा एकमेकींपासून दूर राहतात. तुंब्याजवळ मात्र आरेच जवळ येतात, म्हणून खुणाही दाटतात. केंद्रापासूनचे अंतर दुप्पट झाले की दाटी निम्मी होते, तिप्पट झाले की एक तृतीयांश.

या दाटीची किंमत मापनात मोजावी लागते. झाडापासून १० मीटरपर्यंत सावलीमुळे ओल ३० टक्के आहे आणि त्यापलीकडे २० टक्के, असे धरू. दहा मीटरचे आतले वर्तुळ एकूण जमिनीचा फक्त पाव भाग असते, कारण त्रिज्या निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथाई होते. म्हणून खरी सरासरी ओल पाव गुणिले ३० अधिक पाऊण गुणिले २०, म्हणजे २२.५ टक्के. चुकीच्या पद्धतीत मात्र निम्मे बिंदू दहा मीटरच्या आत पडतात आणि सरासरी २५ टक्के येते. जास्त नमुने घेऊनही ही चूक कमी होत नाही. उत्तर अधिक ठामपणे २५कडेच सरकत जाते.

आता दुरुस्ती. काढलेल्या संख्येला u म्हणू. एकसमान काढलेली u ही मुळात एक वाटा सांगते. u जर ०.३६ असेल, तर दीर्घकाळात ३६ टक्के संख्या तिच्यापेक्षा लहान निघतील. आपल्याला बिंदूंचा वाटा क्षेत्रफळाच्या वाट्याइतका हवा आहे. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: केंद्रापासून किती अंतराच्या आत एकूण जमिनीचा ३६ टक्के भाग येतो?

r त्रिज्येच्या आतल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ πr², पूर्ण वर्तुळाचे πR². दोहोंचे गुणोत्तर r²/R². ते u इतके असले पाहिजे. यावरून सूत्र मिळते:

r = R√u

आपल्या उदाहरणात ०.३६चे वर्गमूळ ०.६, आणि त्याला २०ने गुणले की १२ मीटर. चुकीच्या पद्धतीने हीच संख्या ७.२ मीटर देत होती. दिशेसाठी काढलेली दुसरी संख्या ०.२५ असेल, तर ३६० अंशांचा पाव, म्हणजे ९० अंश. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कोन मोजायचे ठरवले असेल तर झाडापासून बरोबर पूर्वेला १२ मीटरवर खूण करायची. एक बिंदू झाला.

वर्गमूळ इथे बिंदूंना बाहेर सरकवते. ० ते १ मधल्या कोणत्याही संख्येचे वर्गमूळ त्या संख्येपेक्षा मोठे असते. निम्मे बिंदू आता १० मीटरच्या आत नाही, तर सुमारे १४.१४ मीटरच्या आत येतात, कारण निम्मी जमीन तिथपर्यंतच असते. केंद्रापासूनचे सरासरी अंतरही १० मीटरऐवजी १३.३ मीटर होते.

पायथॉनमध्ये हे सगळे चार ओळींच्या फंक्शनमध्ये मावते:

```
from math import pi, sqrt, sin, cos
from random import random

def bindu(R):
    r = R * sqrt(random())
    t = 2 * pi * random()
    return r * cos(t), r * sin(t)
```

यात `random()` दोनदा वेगवेगळे बोलावले आहे, ते तसेच असले पाहिजे. एकच संख्या अंतरासाठीही आणि दिशेसाठीही वापरली, तर सगळे बिंदू केंद्रातून निघून एक वेढा घेणाऱ्या एकाच वक्र रेषेवर बसतात आणि बाकीचे वर्तुळ रिकामे राहते. चित्र काढले की ही चूक लगेच दिसते.

वर्गमूळ न घेताही बरोबर उत्तर मिळवता येते. वर्तुळाभोवती ४० मीटर बाजूचा चौरस कल्पून x आणि y हे दोन्ही आकडे उणे २० ते अधिक २० यांमध्ये एकसमान काढायचे. x² + y² जर ४००पेक्षा जास्त आले, तर बिंदू वर्तुळाबाहेर आहे. तो टाकून द्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. चौरसाचा ७८.५ टक्के भाग वर्तुळाने व्यापलेला असतो. म्हणून शंभर बिंदू मिळवायला सरासरी १२७ वेळा जोडी काढावी लागते.

या पद्धतीतही एक मोह टाळावा लागतो. बिंदू बाहेर पडला तर x तसाच ठेवून फक्त y पुन्हा काढावा असे वाटते, कारण निम्मे काम वाचते. पण तसे केले की x वर्तुळाच्या रुंदीवर एकसमान पसरतो. पूर्व आणि पश्चिम टोकांशी वर्तुळाची उभी पट्टी आखूड असते. तिथेही मधल्या लांब पट्टीइतकेच बिंदू कोंबले जातात आणि दोन्ही टोकांना दाटी होते. दोष पहिल्यासारखाच आहे: कमी जमिनीला सारखाच वाटा. बाहेरचा बिंदू ओढून काठावर आणणेही तितकेच चूक. टाकायचा तर x आणि y दोन्ही टाकायचे.

आपली पद्धत बरोबर आहे की नाही हे नुसत्या नजरेने ठरवू नये. खरोखर एकसमान काढलेल्या बिंदूंतही कुठे दोन-तीन जवळ येतात, कुठे मोकळी जागा राहते. ते नैसर्गिक आहे, कारण बिंदू एकमेकांपासून अंतर राखून बसत नाहीत. खात्री मोजून करावी. दहा हजार बिंदू काढायचे आणि निम्म्या त्रिज्येच्या आत किती पडले ते मोजायचे. पद्धत बरोबर असेल तर आकडा २,५००च्या आसपास येतो. योगायोगाने होणारा फरक बहुतेक वेळा शंभराच्या आतच राहतो. आकडा ५,०००जवळ आला, तर कुठेतरी वर्गमूळ राहून गेले आहे.

अंतर एकसमान काढणे आणि क्षेत्रफळावर एकसमान काढणे यांतला फरकच संभाव्यतेच्या एका प्रसिद्ध कोड्याच्या मुळाशी आहे. फ्रेंच गणिती जोसेफ बर्ट्रांड यांनी १८८९ साली आपल्या संभाव्यतेवरच्या पुस्तकात विचारले: वर्तुळाची एक जीवा यादृच्छिक काढली, तर ती वर्तुळात बसवलेल्या समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा लांब असण्याची शक्यता किती? जीवेचा मध्यबिंदू केंद्रापासून निम्म्या त्रिज्येच्या आत असेल, तेव्हाच ती लांब असते. मध्यबिंदूचे अंतर त्रिज्येवर एकसमान काढले तर उत्तर निम्मे येते. मध्यबिंदू क्षेत्रफळावर एकसमान काढला तर पाव. जीवेची दोन टोके परिघावर एकसमान काढली तर एक तृतीयांश. तिन्ही आकडेमोडी बरोबर आहेत. ‘यादृच्छिक’ म्हणताना कशाला सारखा वाटा द्यायचा, लांबीला, क्षेत्रफळाला की कोनाला, हे आधी सांगितल्याशिवाय प्रश्नाला एकच उत्तर असू शकत नाही.

मातीच्या ओलीच्या प्रश्नात वाटा जमिनीला द्यायचा होता, म्हणून r² आला आणि त्यातून वर्गमूळ. भरीव गोळ्यात बिंदू काढायचा असेल तर वाटा घनफळाला द्यावा लागतो. घनफळ त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून तिथे r = R∛u. निम्म्या त्रिज्येच्या आत तेव्हा एकूण घनफळाचा आठवा भागच असतो आणि बिंदूंपैकीही आठवाच भाग तिथे पडायला हवा. केंद्राभोवती सगळ्या दिशांनी सारखा असलेला कोणताही आकार समोर आला तरी कृती हीच: दिलेल्या अंतराच्या आत पूर्णाचा किती वाटा येतो ते लिहायचे, तो u इतका ठेवायचा, आणि समीकरणातून अंतर काढायचे.