वीस वर्षं, दोन पानं

चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला एक प्लांट हेड डोळ्यांसमोर आणू. बीई मेकॅनिकल, २००४ साली ट्रेनी इंजिनियर म्हणून लागला, आज चौथ्या कंपनीत आहे. पाचवीच्या शोधात त्याने रेझ्युमे काढला, तो निघाला पाच पानी. हा रेझ्युमे कधी एकटाकी लिहिलाच गेला नव्हता. दर नोकरीबदलाला वर एक परिच्छेद चढत गेला, खालचा मात्र एकही उतरला नाही. त्यामुळे २००५ मधलं ऑटोकॅडचं प्रशिक्षण आणि आजची साडेचारशे माणसांची जबाबदारी एकाच मापाच्या टायपात शेजारी नांदत होती.

अशा माणसाने किती पानं द्यावीत? भरती करणाऱ्यांचं साधारण एकमत दोन पानांवर आहे. ‘रेझ्युमे एका पानाचाच हवा’ हा दंडक कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी ठीक. वीस वर्षांच्या अनुभवाला तो लावला तर कामाचा आवाकाच दिसत नाही. अमेरिकेतल्या ‘रेझ्युमेगो’ या संस्थेने २०१८ मध्ये भरतीचा एक नकली प्रयोग केला. त्यात भरती अधिकाऱ्यांनी एका पानापेक्षा दोन पानी रेझ्युमे जास्त वेळा निवडले, आणि व्यवस्थापक पदांसाठी हा कल आणखी ठळक होता. प्रयोग नकली होता आणि संस्था रेझ्युमे लिहून देण्याच्या धंद्यातली, हे धरूनच त्याकडे पाहावं. पण दुसऱ्या टोकाकडूनही गाडी दोन पानांवरच येते आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठी पाच-पाच पानी रेझ्युमे पाठवण्याची वर्षानुवर्षांची रीत होती. २०२५ पासून तिथे दोन पानांची मर्यादा लागू झाली.

आता पाचाची दोन करायची कशी? बरेच जण इथे अक्षर नऊ पॉइंटांवर आणतात, समास अर्ध्या इंचाचा करतात आणि दोन पानं झाली म्हणतात. वाचणाऱ्याला ही चलाखी उघडताक्षणीच कळते. कात्री मजकुरालाच लावावी लागते.

पहिली कात्री सोपी. ‘करियर ऑब्जेक्टिव्ह’, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट क्रमांक, छंद, ‘रेफरन्स मागितल्यास देऊ’ आणि तळाशी ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे’ हे सहीसकट प्रतिज्ञापत्र. हे सगळं गेलं की अर्ध्याहून जास्त पान मोकळं होतं. पासपोर्ट किंवा आधारचा क्रमांक तर अनोळखी माणसांच्या हाती जाऊच नये. एमएस ऑफिस येतं हे प्लांट हेडने सांगण्याची गरज नाही. ‘टीएस १६९४९ ऑडिटर’ ही ओळ मात्र काढायला त्याला जड गेलं असतं. पण त्या मानकाची जागा २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ ने घेतली. नव्या मानकाचं प्रशिक्षण घेतलं असेल तर ते लिहावं. नुसतं जुनं लिहिलं तर माणूस तिथेच थांबला असं वाटतं.

खरी काटछाट कामाच्या वर्णनात आहे. त्याच्या रेझ्युमेत आजच्या पदाखाली ही ओळ होती: ‘प्लांटचे दैनंदिन उत्पादन, गुणवत्ता, देखभाल व सुरक्षा यांची संपूर्ण जबाबदारी.’ खोटं काहीच नाही. पण त्याच खुर्चीत आधी बसलेल्या माणसाच्या रेझ्युमेतही हीच ओळ शोभली असती, आणि उद्या येणाऱ्याच्याही. जी ओळ पदाचं वर्णन करते, माणसाचं नाही, ती काढायची. तिच्या जागी आलं ते असं: ‘तीन पाळ्या, ४५० कामगार, १८० कोटींची वार्षिक उलाढाल. ग्राहकाकडून परत येणारे सदोष भाग दीड वर्षात दहा लाखांमागे १,२०० वरून ३०० वर.’ पहिल्या वाक्यात पसारा, दुसऱ्यात त्याने केलेला फरक. अशा चार-पाच ओळी झाल्या की त्या पदाला पुरेत. कंपनी जे आकडे बाहेर सांगत नाही, ते रेझ्युमेत टाकू नयेत. रुपयांऐवजी ‘एक चतुर्थांशावर आणले’ असं प्रमाण दिलं तरी भागतं, आणि समोरच्याला हा माणूस आपलीही गुपितं फोडेल अशी शंका येत नाही.

याच चाळणीतून गेल्यावर जागेची वाटणी आपोआप ठरत गेली. २०१९ पासूनचं आजचं पद पहिल्या पानाचा बराचसा भाग घेऊन बसलं. त्याआधीचं पाच वर्षांचं उत्पादन व्यवस्थापकपद सहा-सात ओळींत आलं. २००७ ते २०१४ या काळात एकाच कंपनीत त्याला दोन बढत्या मिळाल्या होत्या आणि तिन्ही पदं वेगवेगळ्या नोकऱ्यांसारखी अर्ध्या-अर्ध्या पानात पसरली होती. ती एका शीर्षकाखाली आणली तेव्हा जागा वाचली, शिवाय बढत्याही एका नजरेत दिसू लागल्या. पहिल्या तीन वर्षांना एकच ओळ: कंपनी, पद, साल.

पण ही ओळ पुसून टाकायची नाही. अमेरिकेत पदवीचं साल आणि जुन्या नोकऱ्या गाळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तिथे चाळिशीपुढच्यांना वयावरून डावलण्याविरुद्ध १९६७ पासून कायदा आहे, आणि वयाचा अंदाज येऊ न देण्याची चाल तिथे चालून जाते. आपल्याकडे नोकरीच्या पोर्टलवर एकूण अनुभव पहिल्याच फॉर्ममध्ये विचारतात, त्यामुळे लपवून काही साधत नाही. उलट, निवड झाल्यावर पार्श्वभूमी पडताळणी होते, पीएफच्या यूएएनवरून नोकऱ्यांच्या तारखा ताडून पाहता येतात. रेझ्युमेतलं रिकामं वर्ष तिथे उगाच खुलासा मागतं. तपशील कापावा, कालक्रम कापू नये.

कधी कधी जुन्या नोकरीलाही जागा द्यावी लागते. या प्लांट हेडची पहिली तीन वर्षं फाउंड्रीत गेली होती. अर्ज मशीनिंगच्या कारखान्यासाठी असेल तर एक ओळ बस. कास्टिंग बनवणाऱ्या कंपनीसाठी असेल तर तीच नोकरी तीन ओळींची होते आणि दुसरीकडून दोन ओळी जातात. म्हणून एकच रेझ्युमे सगळीकडे पाठवण्याचा आळस या पातळीवर महागात पडतो.

दोन पानांचा हिशेब न चालणारी क्षेत्रंही आहेत. महामार्ग, पूल, धरणांच्या सल्लागार कंपन्यांतला वरिष्ठ व्यवस्थापक घ्या. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या किंवा जागतिक बँकेच्या निविदेत प्रमुख तज्ज्ञांचा सीव्ही ठरवून दिलेल्या नमुन्यातच भरावा लागतो. प्रत्येक प्रकल्प, कालावधी, भूमिका, सगळं हवं असतं, कारण अनुभवाला तिथे गुण आहेत. गाळलेला प्रकल्प म्हणजे गेलेला गुण, मग पानं आठ होवोत की दहा. तोच माणूस खासगी कंपनीत अर्ज करताना मात्र दोन पानं लिहितो आणि निवडक प्रकल्पांची यादी एका पानाची पुरवणी म्हणून जोडतो.

प्लांट हेडची काढलेली तीन पानंही टोपलीत गेली नाहीत. ती एका वेगळ्या फाइलमध्ये राहिली, महिन्यांसकट नोकऱ्यांच्या तारखा, प्रत्येक वरिष्ठाचं पदनाम, प्रत्येक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. ऑफर आल्यानंतर एचआरचा लांबलचक जॉइनिंग फॉर्म येतो तेव्हा नेमकं हेच सगळं एकेक करून विचारलेलं असतं.