पशुखाद्याच्या गोणी: जी आधी आली, ती आधी संपवा

सोमेश्वरनगर परिसरात उसाबरोबर चार-सहा संकरित गाई सांभाळणारे अनेक शेतकरी सरकी पेंड, मक्याचा भरडा आणि गव्हाचा भुसा महिन्याभराचा एकदम भरतात. दर चांगला मिळतो. पण पावसाळ्यात हाच साठा कुजतो, आणि बहुतेक वेळा मागच्या रांगेत कुजतो.

समजा, सहा गाईंना रोज ३० किलो आंबोण लागते. ५ जुलैला ५० किलोच्या २० गोणी आणल्या. २८ जुलैला सहा गोणी उरल्यावर आणखी २० आणल्या आणि जुन्या गोणींपुढे रचल्या. हाताला येतात त्या नव्या. त्या ३० ऑगस्टच्या सुमारास संपतात, मागे पुन्हा सहाच गोणी दिसतात म्हणून परत २० येतात. ऑक्टोबर उजाडला तरी ५ जुलैच्या त्या सहा गोणी जागच्या जागी! मोजदाद बरोबर, माल मात्र तीन महिन्यांचा.

उपाय साधा आहे. शेडमध्ये एकाऐवजी दोन थप्प्या ठेवा. नवा माल रिकाम्या बाजूला लावा आणि पहिली थप्पी पूर्ण संपल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. वरच्या उदाहरणात मग कोणतीही गोणी साधारण ४३ दिवसांपेक्षा जास्त पडून राहत नाही. थप्पी लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून फूटभर दूर हवी, म्हणजे ओल चढत नाही.

प्रत्येक गोणीवर मार्करने आणल्याची तारीख लिहा. तयार खाद्यावर छापलेली मुदतही पाहा. दुकानदाराकडचाच माल जुना असेल, तर कालच आलेल्या गोणीची मुदत घरातल्या गोणीआधी संपू शकते. अशा वेळी आणल्याच्या तारखेपेक्षा मुदतीला महत्त्व द्या. ही मुदत कोरड्या, बंद गोणीसाठी असते. गोणी फोडली किंवा भिजली, की तिच्यावर विसंबू नका. सुट्या पेंडीवर तारीखच नसते, आणि भरडा अखंड मक्यापेक्षा लवकर खवट होतो. म्हणून मका अखंड साठवा, आठवड्यापुरताच भरडून घ्या.

गोणीत हात घातल्यावर ऊब लागली, गठ्ठे झाले, कुबट वास आला किंवा हिरवट-काळी बुरशी दिसली, तर ती गोणी बाजूला काढा. गठ्ठे वेचून उरलेले वापरणे किंवा नव्या खाद्यात मिसळणे चुकीचे आहे. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही, वाळवून वा शिजवून पुरते जात नाही. गाईच्या पोटातून त्याचा अंश एक-दोन दिवसांत दुधात उतरतो. दुधातील या अंशाची (एम-१) कायदेशीर मर्यादा किलोला फक्त ०.५ मायक्रोग्रॅम आहे. दूध उकळूनही तो जात नाही. अशी गोणी वासरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नका. त्यांना हे विष गाईपेक्षा जास्त बाधते.