पाळीच्या पहिल्या दहा मिनिटांतलं गणित

चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपची सकाळची पाळी घ्या. मेंटेनन्सच्या बोर्डावर पाच कामं लागलेली असतात आणि फिटरची जोडी एकच. आधी काय हातात घ्यायचं? बऱ्याच ठिकाणी हे ठरतं ते फोनवर कोण जास्त मोठ्याने बोलतो त्यावरून. त्याऐवजी प्रत्येक कामाला तीन आकडे देता येतात. काम झालं तर फायदा किती, ते किती तातडीचं आहे आणि त्याला वेळ किती लागेल.

पहिले दोन आकडे वाढले की काम वर सरकावं, हे कोणालाही पटतं. तिसऱ्या आकड्याने भागायचं, हे मात्र चटकन पटत नाही. त्यामागचं गणित वेन स्मिथ यांनी 1956 साली मांडलं. समजा, एक मशीन बंद असल्याने तासाला 8 हजारांचं नुकसान होतंय आणि दुरुस्तीला 4 तास लागतील. दुसऱ्याचं नुकसान तासाला 4 हजारांचं आहे, पण काम तासाभराचं आहे. मोठं आधी घेतलं, तर त्याचे 32 हजार जातात आणि धाकटं पाच तास बंद राहिल्याने आणखी 20 हजार; एकूण 52 हजार. धाकटं आधी उरकलं, तर त्याचे 4 हजार आणि मोठ्याचे 40 हजार, म्हणजे 44 हजार. नुकसान निम्मं असूनही धाकटं काम पुढे ठेवणं फायद्याचं ठरलं. म्हणून दर तासाचं नुकसान भागिले लागणारे तास, हा क्रम लावायचा.

रोज सकाळी रुपयांत हिशेब करत बसायला वेळ नसतो, म्हणून फायदा आणि तातडी 1 ते 5 च्या पट्टीवर मोजतात. आता बोर्ड पाहू. तीन नंबरच्या हायड्रॉलिक प्रेसला तेलगळती आहे: फायदा 5, तातडी 4, वेळ 3 तास. कॉम्प्रेसरचा फिल्टर तुंबलाय: 4, 3 आणि 1 तास. कन्व्हेयरच्या गिअरबॉक्सचं बेअरिंग आवाज करतंय: 4, 3 आणि 5 तास. कँटीनचा एक्झॉस्ट पंखा खडखडतोय: 1, 2 आणि 1 तास.

फायदा आणि तातडी यांची बेरीज करून तासांनी भागलं, तर प्रेसला 3 गुण मिळतात आणि पंख्यालाही 3! बेरजेत हा धोका असतोच. किरकोळ काम केवळ लवकर होतं म्हणून वर चढतं. गुणाकार केला की चित्र बदलतं. फिल्टर 12, प्रेस साधारण 6.7, गिअरबॉक्स 2.4 आणि पंखा 2. हा क्रम पाहून अनुभवी फिटरही मान डोलावेल.

पाचवं काम म्हणजे प्रेसच्या गार्डचा लिमिट स्विच. तो चालत नसेल तर कामगाराचा हात प्रेसमध्ये जाऊ शकतो. अशा कामाला गुण द्यायचेच नाहीत. ते होईपर्यंत ती प्रेस बंद ठेवायची आणि पाळीची सुरुवात त्याच्यापासूनच करायची.

आठ तासांच्या पाळीत प्रत्यक्ष काम सात तासांचं धरलं, तर स्विचचा एक, फिल्टरचा एक आणि प्रेसचे तीन तास जाऊन दोन तास उरतात. गिअरबॉक्स त्यात बसत नाही, म्हणून पंखा उरकून घेता येतो. पण इथेच या पद्धतीची मोठी खोट दिसते. लांबलचक काम भागाकारामुळे रोज खाली ढकललं जातं. पुढच्या पाळीला गिअरबॉक्सची तातडी एकाने वाढवली तरी गुण 3.2 होतात, त्यानंतर 4. तासाभरात होणारं एखादं मध्यम काम 6 गुण घेऊन रोज त्याच्या पुढे जाईल आणि एक दिवस बेअरिंग जाम होऊन लाइन थांबेल. त्यामुळे दोनदा मागे पडलेल्या कामाला गुणांच्या रांगेतून काढून साप्ताहिक सुट्टीची ठरावीक वेळ द्यावी लागते.

आकडे कोण देतो, यावर बरंच काही अवलंबून आहे. फायदा आणि तातडी उत्पादनाच्या सुपरवायझरने सांगावी, तास मेंटेनन्सने. दोन्ही एकाच्याच हाती असलं की हवं ते उत्तर आधी ठरतं आणि आकडे मागून येतात. पट्टीचा अर्थही बोर्डावर लिहिलेला हवा: तातडी 5 म्हणजे याच पाळीत लाइन थांबेल, 3 म्हणजे आठवडा निघेल. निम्म्याहून जास्त कामांना 5 पडलेले दिसले, तर पट्टी फुगली असं समजून ते आकडे सगळ्यांसमोर पुन्हा द्यायचे. आणि पाळी संपताना प्रत्येक कामापुढे खरे लागलेले तास लिहायचे. तीन तासांची म्हटलेली गळती दर वेळी पाच तास खात असेल, तर पुढच्या वेळी भागाकार पाचाने करायचा.