बाळाचं घड्याळ (लेखांक ७) : बंद खोली आणि रात्रीची जाग

आज उष्टावणावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण शेवगावहून एका आजींचं पत्र आलं आहे आणि त्याला उशीर करून चालणार नाही. नात पाच आठवड्यांची. आजी लिहितात, "दिवसभर गाढ झोपते. रात्री बारा वाजले की डोळे टक्क उघडे, ते तीन-साडेतीनपर्यंत. लेक रडकुंडीला आली आहे. आम्ही खोली बंद ठेवतो, वारं लागू देत नाही, दिवसा कुणाला आवाज करू देत नाही. तरी रात्रीचा दिवस का करते?"

आजी, कारण तुमच्या पत्रातच आहे. पण त्याआधी एक गोष्ट तपासा : नातीचं वजन. दिवसा गाढ झोपणारं बाळ दोन प्रकारचं असतं. एक, ज्याची फक्त वेळ उलटी झाली आहे. ते रात्री भरपूर पितं, चोवीस तासांत आठ-दहा वेळा तरी अंगावर घेतं आणि सहा किंवा अधिक वेळा लघवी करतं. दुसरं, ज्याला पुरेसं दूध मिळत नाही किंवा जे आजारी आहे. तेही शांत झोपतं, पण अशक्तपणामुळे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, ते दोन आठवड्यांत भरून यायला हवं आणि पुढे रोज वीस-तीस ग्रॅमने वाढायला हवं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळाला तपासतात. त्यांच्याकडचे वजनाचे आकडे बघा. (गावातल्याच बाईने बाळ तपासायचं, ही रीत आपल्या जिल्ह्याला फार आधीपासून माहीत आहे. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं, ते खेड्यातल्या बायकांना हेच शिकवत वाढवलं.) आकडे चढते असतील तर पुढचं वाचा. बाळ उठवूनही उठत नसेल, ओढून पीत नसेल, अंग तापलेलं किंवा गार लागत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता बंद खोलीकडे येतो. पोटात असताना बाळाला दिवस-रात्र आईकडून कळते. तिची हालचाल, तिचं जेवण, रात्री तिच्या रक्तात वाढणारं मेलाटोनिन, यावर त्याचं चालतं. नाळ कापली की ही खबर तुटते. बाळाच्या मेंदूत स्वतःचं घड्याळ असतं, पण ते अजून कच्चं. स्वतःचं मेलाटोनिन रात्री नेमाने वाढू लागायला साधारण नऊ ते बारा आठवडे जातात. मधल्या काळात बाळ भुकेवर जगतं : दोन-तीन तास झोप, दूध, थोडी जाग, पुन्हा झोप. मिळून चौदा ते सतरा तास, पण चोवीस तासांत विखुरलेले.

या विखुरलेपणाचं सगळ्यात सुंदर चित्र शिकागोच्या नॅथॅनिएल क्लाइटमन आणि थिओडोर एंगेलमन यांनी १९५३ साली छापलं. त्यांनी एकोणीस बाळांच्या झोपेच्या नोंदी घेतल्या. क्लाइटमन यांच्या झोपेवरच्या पुस्तकात एका बाळाचा तक्ता आहे. त्याला मागेल तेव्हा दूध दिलं जायचं आणि अकराव्या दिवसापासून सहा महिन्यांपर्यंत रोजची एक ओळ काढलेली आहे. वरच्या ओळींत नुसतं शिंपडल्यासारखं दिसतं. मग मधल्या आठवड्यांत झोपेचे पट्टे धरू लागतात, पण सरळ खाली न येता तिरके सरकतात : आजची लांब झोप कालच्यापेक्षा थोडी उशिरा, उद्याची आणखी उशिरा. म्हणजे घड्याळ चालू झालंय, पण ते चोवीस तासांपेक्षा जरा जास्त घेतंय. शेवटी तिरके पट्टे उभे होतात आणि रात्र रात्रीच्या जागी बसते. मी हा तक्ता तरुणपणी पाहिला आणि तेव्हापासून आयांना वहीच्या पानावर चोवीस चौकोन आखून रोज झोपेचे चौकोन रंगवायला सांगतो. आठवडाभर पुरे. पट्टे कुठे सरकताहेत ते पानावर लगेच दिसतं.

असंच एक पान पाथर्डी तालुक्यातल्या एका घरातलं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, कार्तिकातली थंडी, मुलगी तेव्हा पाच आठवड्यांची. खोलीची खिडकी गोधडीने बंद, दार लोटलेलं, कोपऱ्यात शेगडी. दुपारी तीन ते साडेसहा ही तिची सगळ्यात लांब झोप, साडेतीन तासांची. रात्री बारा ते तीन टक्क जाग. घरातल्यांनी आपापली सोयही लावून घेतली होती. धाकटा मामा बारावीचा, अभ्यासाला रात्री एकपर्यंत जागा. तो भाचीला ट्यूबलाइटखाली मांडीवर घेऊन मोबाइलवर गाणी लावायचा. आजोबांच्या शेतीपंपाची लाइट आठवड्याआड रात्रीची. त्या आठवड्यात पाणी देऊन आले की हातपाय धुऊन तेही नातीशी बोलत बसायचे. आजीला पहाटे पाचला गाईंच्या धारा काढून डेअरीला दूध घालायचं, म्हणून ती आठला झोपलेली. सगळे प्रेमाने करत होते, आणि सगळ्यांच्या करण्यातून त्या लेकराला एकच कळत होतं : उजेड, आवाज आणि माणसं रात्री असतात, दिवसा काळोख असतो.

बदल मोजकेच केले. सकाळी सातला खिडकी उघडायची. वाऱ्याची झुळूक थेट अंगावर नको, एवढंच पाहायचं, उजेड हवाच. अंघोळ आणि टाळू भरणं सकाळीच. दुपारी बारा ते चारच्या दरम्यान बाळ ओट्यावर किंवा उघड्या दाराशी, सावलीत. उन्हात ठेवायचं नाही, आपल्याकडे सावलीतला उजेडसुद्धा खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. या दुपारच्या वेळेला मी मुद्दाम धरून बसतो. लिव्हरपूलच्या इव्हॉन हॅरिसन यांनी २००४ साली सहा ते बारा आठवड्यांच्या बाळांना किती प्रकाश मिळतो ते मोजलं, तेव्हा रात्री चांगली झोपणाऱ्या बाळांना दुपारी लवकरच्या वेळेत जास्त उजेड मिळालेला दिसला. दिवसा झोपलं तरी घरातली भांडी वाजू द्यायची. दिवसा अडीच-तीन तासांपेक्षा लांब झोप झाली तर दुधाला उठवायचं. झोळीत घातलं तर वरचा पदर मिटायचा नाही. आणि शेगडी खोलीबाहेर. तिचा धूर बाळाच्या छातीला वाईट, आणि बंद खोलीत जीवाला धोका.

रात्री याच्या उलट. झिरोचा दिवा, मोबाइल नाही, बोलणं नाही, दूध पाजून ढेकर काढून परत खाली, पाठीवर. मामाने अभ्यास बाहेरच्या खोलीत हलवला. बाळ चुळबुळ करत कण्हलं तर लगेच उचलायचं नाही, हे आईला मी दोनदा सांगितलं. या वयात निम्मी झोप हलणारी असते. डोळे फडफडतात, तोंड वाकडं होतं, आवाजही निघतो, आणि बाळ झोपलेलंच असतं. उचललं की जागं होतं. मिनिट-दोन मिनिटं थांबून पाहायचं.

पान काय सांगतं? लांब झोप मागे ओढायचा प्रयत्न आम्ही केला नाही. ती पुढेच सरकत होती, रोज पंधरा-वीस मिनिटांनी. सातव्या आठवड्यात ती संध्याकाळी सहाच्या आसपास सुरू व्हायची. हा आठवडा घरासाठी सर्वांत अवघड, कारण बाळ नऊ-दहाला ताजंतवानं. तेव्हा आईने सहालाच बाळाबरोबर झोपायचं आणि स्वयंपाक आजीने चारलाच उरकायचा, असं ठरवलं. नवव्या आठवड्यात सुरुवात नऊवर आली आणि तिथे थांबली, झोप साडेचार तासांची झाली. थांबवली ती सकाळच्या उजेडाने, असं मला वाटतं. पण हे एकाच बाळाचं पान आहे. उजेड न दाखवताही बहुतेक बाळांचं घड्याळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लागतंच. उजेडाने वाट थोडी लवकर सापडते, इतकंच मी म्हणेन.

आजींच्या नातीला पुढच्या एक-दोन आठवड्यांत आणखी एक गोष्ट होईल, ती आधीच सांगून ठेवतो. दिवेलागणीला ती सलग दोन-तीन तास अंगावर पीत राहील, सोडेल, रडेल, पुन्हा मागेल. सहाव्या आठवड्याच्या आसपास रडण्याचा कळस असतो. घरात लगेच म्हटलं जातं की दूध पुरत नाही, आणि वरचं दूध सुरू होतं. संध्याकाळी स्तन सकाळसारखे भरलेले लागत नाहीत, हे खरं. पण बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. ही संध्याकाळची ओढ म्हणजे वाढत्या भुकेची मागणी नोंदवणं आहे. त्या वेळी वरचं दूध पाजलं तर मागणी नोंदवली जात नाही आणि दूध खरोखर कमी होऊ लागतं. पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, लघवी आणि वजनावरून ठरवा. आणि त्या दोन-तीन तासांत आईकडून दुसरं कुठलंही काम धरू नका : भाकरी दुपारीच, पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी, पाठीला लोड.

तिसऱ्या महिन्यात पाथर्डीची लेक सासरी नगरला गेली. नवरा एमआयडीसीत, तीन पाळ्यांत. तोवर बाळाची चार-पाच तासांची लांब झोप रात्रीच्या सुरुवातीला बसली होती. ही झोप सुरुवातीलाच येते, म्हणून आईने मुलीबरोबर नऊला झोपायचं; अकरापर्यंत भांडी, कपडे करत बसली तर तिच्या वाट्याची सलग झोप गेलीच. नवऱ्याची दुसरी पाळी असली की तो साडेअकराला घरी येतो. कपडे वाळत घालणं आणि एकच्या दुधानंतर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणं त्याच्याकडे. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो साडेतीनला परततो, तेव्हा दुपारचा उजेडातला फेरा त्याचा, आणि त्या तासात आई झोपते. पाळी बदलली तरी बाळाची वेळ बदलायची नाही, बाप आपली वेळ तिच्याभोवती हलवतो.

चौथ्या महिन्यात त्यांचा पुन्हा फोन आला. इतकी नीट बसलेली झोप मोडली होती, रात्री दर दोन तासांनी जाग. मी पान मागवलं. रात्र तिच्याच जागी होती. दिवसाचं पिणं मात्र आठावरून पाचावर आलेलं. या वयात बाळाला जग दिसू लागतं. पिता पिता दाराकडे वळतं, टीव्हीकडे बघतं, दोन घोट घेऊन सोडतं आणि दिवसाचं राहिलेलं रात्री वसूल करतं. त्यात झोपेची घडणही याच सुमारास बदलते, त्यामुळे झोपेच्या एका फेऱ्यातून दुसऱ्यात जाताना बाळ जागं होतं. दिवसाची दोन-तीन दुधं आतल्या शांत खोलीत, टीव्ही बंद करून, असं सांगितलं. दहा-बारा दिवसांत दिवसाचं पिणं पुन्हा सातावर आलं आणि रात्रीच्या जागा दोनवर. त्या दोन राहू द्या असंच सांगितलं. पाचव्या महिन्यात रात्री दोनदा दूध मागणं ही भूकच असते.

शेवगावच्या आजींनी आजपासून सात दिवसांचं पान रंगवून पाठवावं, शेजारी आशाताईंनी घेतलेली वजनं लिहून. उष्टावण पुढच्या आठवड्यात, आणि त्यात पहिला प्रश्न रात्रीच्या याच दोन दुधांचा : पेज सुरू झाली की ती सुटतात का?