आरसा की स्पंज?

अक्कलदाढ काढल्यावर माझ्या रूमीला चार दिवस काहीही चावायला बंदी होती. खिमट झालं, दहीभात झाला. तिसऱ्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "मला ते अंड्याचं कर ना!" ती ग्वांगझूला एमबीबीएस करत होती, तिथल्या कॅन्टीनमधलं हे तिचं आवडतं खाणं. नाव 'जंग श्वेइ दान', म्हणजे शब्दशः 'वाफवलेलं पाण्याचं अंडं'. अंडी, पाणी, मीठ आणि वाफ, बास. वरून चमचाभर सोया सॉस आणि दोन थेंब तिळाचं तेल. दूध नाही, साखर नाही. पृष्ठभाग मात्र आरशासारखा हवा. म्हटलं, त्यात काय एवढं? इडल्या तर मी झोपेतही लावते.

पंधरा मिनिटांनी झाकण उघडलं, तर वाटीत ढोकळा! वर खड्डे, आत जाळी आणि कडेने पाणी सुटलेलं. खरवसाला आच जास्त लागली की पडते ना, अगदी तशीच जाळी. रूमीने फोटो काढला (खाण्याआधी!) आणि मग निदान सुरू केलं.

तिचं म्हणणं, वरचे खड्डे आणि आतली जाळी हे दोन वेगळे आजार आहेत. वरचे खड्डे माझ्या फेटण्यामुळे. ऑम्लेटसारखी अंडी खळाखळा फेटली की फेस होतो, आणि वाफ लागताच तो तसाच गोठतो. काही खड्डे झाकणावरून टपकणाऱ्या थेंबांचेही असतात. आतली जाळी मात्र आचेची. पाणी मिसळलेलं अंडं साधारण 80 अंश सेल्सिअसच्या आसपास जमतं. त्यातली प्रथिनं उलगडून एकमेकांत गुंततात आणि त्या विणीत पाणी धरून ठेवतात. पण भांड्यातली वाफ असते 100 अंशांची. तशीच आच चालू राहिली की वीण घट्ट आवळते, पाणी पिळून बाहेर निघतं. आतली हवा आणि वाफ फुगते, तिला वर निसटायला वाट नसते, कारण भोवतालचं अंडं घट्ट झालेलं असतं. म्हणून तिथेच पोकळी राहते. जपानी लोकांचा याच्यासारखाच पदार्थ आहे चवानमुशी. त्यांच्याकडे या भोकांना 'सू' असा स्वतंत्र शब्दच आहे.

मग प्रमाण. फेटलेली अंडी एका सरळ काचेच्या ग्लासात ओतायची आणि उंची बघायची. पाणी त्याच्या दीडपट ते दुप्पट. दोन अंडी म्हणजे अंदाजे 100 मिली, तर पाणी 150 ते 200. मी पहिल्यांदा अंड्याएवढंच घातलं होतं, त्यामुळे वीण दाट झाली आणि आच जरा चढताच रबर. चवानमुशीत तिप्पटीपर्यंत स्टॉक घालतात, पण ते इतकं नाजूक होतं की पहिल्याच दिवशी त्या वाटेला जाऊ नये. त्याहून पातळ केलंत तर वीण विरळ पडते, सूपच प्या मग.

पाणी उकळून कोमट केलेलं हवं, ही रूमीची अट. मला आधी वाटलं, डॉक्टरीणबाईंची स्वच्छता! पण नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते, तापलं की ती बुडबुडे होऊन बाहेर येते. आधीच उकळलं की ती निघून जाते. पाणी कडकडीत मात्र नको, नाहीतर अंडं वाटीतच फाटतं.

दुसऱ्या खेपेला 2 अंडी, 180 मिली कोमट पाणी, पाव चमचा मीठ. काट्याने फेस न आणता हलवलं, चहाच्या गाळणीतून पसरट वाटीत गाळलं. वर राहिलेले बुडबुडे टिश्यूच्या टोकाने टिपले. वाटीवर ताटली झाकली, म्हणजे थेंब आत पडत नाहीत. इडलीपात्रात पाणी उकळल्यावर वाटी ठेवली, गॅस बारीक केला. झाकणाखाली चमचा आडवा घालून फट ठेवली, म्हणजे जादा वाफ बाहेर जाते आणि आतली आच 100च्या खाली राहते. खरी ट्रिक हीच, माझ्या मते.

दहा मिनिटांनी वाटी हलवून पाहिली. मधोमध पाण्यासारखी लाट आली, म्हणजे कच्चं. आणखी तीन मिनिटांनी सगळं एकसंध जेलीसारखं थरथरलं. गॅस बंद केला, दोन मिनिटं तसंच ठेवलं. उरलेल्या उष्णतेत मधला भाग जमतो, आणि पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलो असतो तर कडा जाळीदार झाल्या असत्या.

ताटली उचलली. छतावरची ट्यूबलाइट वाटीत सरळ दिसत होती, फक्त कडेला एक बारीक बुडबुडा होता. रूमीने त्यावरच सोया सॉस ओतला आणि चमचा घातला.