नागरिकाच्या हक्कांपासून माणसाच्या हक्कांपर्यंत

फ्रान्समधील राज्यक्रांतीने १७८९ साली माणसाचे आणि नागरिकाचे हक्क जाहीर केले. जन्माने सर्व माणसे स्वतंत्र आणि समान आहेत, असे त्या जाहीरनाम्यात म्हटले होते. प्रत्यक्षात मात्र फ्रान्समधील स्त्रियांना मतदानाचा हक्क १९४४ साली मिळाला, आणि फ्रेंच वसाहतींमधील गुलामगिरी कायमची संपायला १८४८ साल उजाडले. हक्क माणसाचे म्हणून सांगितले गेले, पण मिळाले ते राज्यसंस्थेने ज्यांना नागरिक मानले त्यांनाच. पुढची दीडशे वर्षे हीच रीत चालली. राज्याने आपल्या प्रजेला कसे वागवावे, हा त्याचा घरचा प्रश्न समजला जाई.

पहिल्या महायुद्धानंतर या रीतीला थोडा छेद गेला. युरोपातील काही नव्या आणि पराभूत देशांवर तहांद्वारे अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची बंधने घालण्यात आली आणि त्यांवर देखरेखीचे काम राष्ट्रसंघाकडे सोपवले गेले. या व्यवस्थेचे बळ आणि तिची मर्यादा फ्रान्त्स बर्नहाइम यांच्या प्रकरणातून दिसते. बर्नहाइम हे जर्मनीतील अप्पर सायलेशिया भागातील एका मोठ्या दुकानात नोकरीला होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर ज्यू असल्यामुळे त्यांची नोकरी गेली. त्या भागापुरता जर्मनी आणि पोलंड यांच्यात १९२२ साली १५ वर्षांसाठी करार झाला होता आणि त्यात अल्पसंख्याकांना समान वागणुकीची हमी होती. त्याच आधारावर बर्नहाइम यांनी मे १९३३ मध्ये राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. जर्मनीला माघार घ्यावी लागली आणि अप्पर सायलेशियात ज्यूविरोधी कायद्यांची अंमलबजावणी थांबली. मात्र जुलै १९३७ मध्ये कराराची मुदत संपली आणि ते कायदे तिथेही लागू झाले. बर्लिनमधील ज्यूंना तर असा अर्ज करण्याची सोयच नव्हती, कारण त्यांच्यासाठी कोणताही करार नव्हता. नोव्हेंबर १९४१ मध्ये नाझी राजवटीने देशाबाहेर असलेल्या ज्यूंचे नागरिकत्वही काढून घेतले. नागरिकत्व गेल्यावर दाद मागायला कोणतेच दार उरले नाही.

दुसऱ्या महायुद्धातील संहारानंतर हक्कांना नागरिकत्वाहून खोल पाया हवा, ही मागणी जोर धरू लागली. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संमत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत मानवी हक्कांचा उल्लेख आला, पण ते हक्क कोणते याची यादी नव्हती. शिवाय देशांच्या अंतर्गत कारभारात संघटनेने हस्तक्षेप करू नये, असे कलमही त्याच सनदेत होते. यादी तयार करण्याचे काम १८ सदस्यांच्या मानवी हक्क आयोगाकडे आले. एलिनॉर रूझवेल्ट त्याच्या अध्यक्ष होत्या. कॅनडाचे जॉन हम्फ्री यांनी अनेक देशांच्या राज्यघटना चाळून पहिला कच्चा मसुदा केला आणि फ्रान्सचे रने कासँ यांनी त्याची नव्याने मांडणी केली.

या हक्कांचा उगम कशात मानायचा, यावर मोठा वाद झाला. काही प्रतिनिधींना ईश्वराचा किंवा निसर्गाचा उल्लेख हवा होता. चीनचे पी. सी. चांग यांचा आग्रह होता की, एकाच परंपरेची श्रद्धा सर्वांवर लादू नये. अखेर उगमाचा प्रश्न बाजूला ठेवला गेला आणि माणसाची प्रतिष्ठा हाच पाया धरला गेला. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता त्या काळात भारताच्या संविधान सभेच्याही सदस्य होत्या. पहिल्या कलमातील इंग्रजी शब्दयोजना केवळ पुरुषांपुरती समजली जाईल, अशी हरकत त्यांनी घेतली. पुढे तिथे सर्व मानवांचा निःसंदिग्ध उल्लेख आला.

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये आमसभेने ३० कलमांचा हा जाहीरनामा मंजूर केला. बाजूने ४८ मते पडली, विरोधात एकही नाही. आठ देश तटस्थ राहिले. त्यात सोव्हिएत युनियन आणि त्याच्या बाजूचे देश होते, वर्णभेदाचे धोरण राबवणारी दक्षिण आफ्रिका होती, तसेच धर्मांतराच्या स्वातंत्र्याला आक्षेप असलेला सौदी अरेबियाही होता.

नाझी काळातील अनुभवातून पंधराव्या कलमात प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क मिळाला. चौदाव्या कलमात मात्र सरकारांची सावधगिरी दिसते. छळापासून पळालेल्याला आश्रय मिळण्याचा हक्क आधीच्या मसुद्यात होता. अंतिम मजकुरात आश्रय मागण्याचा आणि मिळाल्यास उपभोगण्याचा हक्क उरला, तो देण्याचे बंधन कोणत्याही देशावर आले नाही.

जाहीरनामा हा करार नसल्याने तो मोडल्याबद्दल कोणत्याही सरकारला न्यायालयात खेचण्याची तरतूद त्यात नव्हती. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १९६६ साली दोन बंधनकारक करार स्वीकारले गेले, एक नागरी आणि राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा. ते १९७६ पासून अमलात आले आणि भारत १९७९ साली त्यांत सामील झाला. मात्र हे करारही ते स्वीकारणाऱ्या देशांनाच बांधतात.