उभे राहताच धावणारी नाडी

माझी 22 वर्षांची भाची आरतीला उभी असता निरांजन खाली ठेवून भिंतीला टेकली; शुद्ध हरपली नव्हती, परंतु छातीची धडधड ओढणीवरूनही दिसत होती, आणि हे सहा महिने चालले होते.

साध्या मूर्च्छेत नाडी व रक्तदाब एकाएकी उतरतात, माणूस कोसळतो आणि आडवा होताच बहुधा सावरतो. तिला जडलेल्या ‘पॉट्स’ या विकारात मात्र उभे राहताच रक्त पायांत व पोटात साचते, ते वर पोहोचविण्यासाठी हृदय धावत सुटते, आणि रक्तदाब फारसा ढळत नाही.

दहा मिनिटे निजवून मोजली तेव्हा तिची नाडी 74 भरली. उभी राहिल्यावर दहाव्या मिनिटास 118, रक्तदाब जवळजवळ तोच. दहा मिनिटांत 30 ची (19 वर्षांपर्यंत 40 ची) टिकणारी वाढ आणि तीन महिन्यांचा त्रास हे निदानाचे गमक होय. तथापि रक्तक्षय, थायरॉइड व औषधांचा परिणाम आधी तपासावा लागतो.

दिवसाला दोन-तीन लिटर पाणी, डॉक्टरांच्या अनुमतीनेच जादा मीठ (रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते वर्ज्य), कमरेपर्यंतचे घट्ट मोजे, आणि प्रथम बसून वा निजून करावयाचा व्यायाम, जो महिनोन् महिने हळूहळू वाढवावा लागतो, यांनी तिला उतार पडत आहे.

श्रम करताना शुद्ध गेल्यास मात्र हृदयाची तपासणी तातडीने करून घ्यावी.